आजी 'स्लो मोशन'मध्ये चालतेय? या चुका टाळा

थ्रीडी अ‍ॅनिमेशनमध्ये तरुण पात्राच्या रिगवर, म्हणजे त्याला हलवणाऱ्या डिजिटल सांगाड्यावर, पांढरे केस चढवले, कंबरेत वाकवलं आणि हालचाल तिप्पट ताणली की आजी तयार, असं वाटतं. पडद्यावर मात्र पाठ धरलेली तरुणी पाण्याखाली चालताना दिसते.

आधी वाक बघा. पोक येतं ते कमरेत नव्हे, पाठीच्या वरच्या भागात. त्यामुळे डोकं खांद्यांच्या पुढे जातं, आणि समोरचं दिसावं म्हणून मान मागे टाकून हनुवटी उचलली जाते. तोल सांभाळायला गुडघे किंचित दुमडलेले राहतात. रिगमध्ये कमरेचा कंट्रोल जवळपास सरळ ठेवा आणि वाक वरच्या दोन-तीन कंट्रोलमध्ये वाटून द्या. बाजूने काळी सावली करून पाहा: कान खांद्याच्या बराच पुढे दिसला की जमलं.

प्रमाणातही हीच गफलत होते. अख्खं मॉडेल ऐंशी टक्के केलं की आजी नाही, लहान मूल तयार होतं. वयाने उंची घटते ती मुख्यतः कण्यात; हातापायांची हाडं तेवढीच राहतात. म्हणून धड आखूड करा, हातांना हात लावू नका. बोटं आधीपेक्षा गुडघ्यांच्या जवळ येतील, तेच हवं. नाक-कान जरा मोठे चालतात.

सगळ्यात जास्त फसतं ते टायमिंग. समजा, दाराची बेल वाजते आणि आजी खुर्चीतून उठते. तरुण सून २४ फ्रेममध्ये, म्हणजे एका सेकंदात, उठली असती. तेच ७२ फ्रेमवर ताणलं तर आजी तरंगत उठते, कारण वजन दिसतच नाही. त्याऐवजी उठणं तोडा. आधी ८ फ्रेम नजर दाराकडे. मग २२ फ्रेममध्ये पुढे सरकणं, पावलं मागे घेणं, हात खुर्चीच्या दांड्यांवर. १४ फ्रेम एक फसलेला जोर. ही पोज मी कधीच कापत नाही. नंतर १२ फ्रेममध्ये झटक्यात उठणं, नाक पायाच्या बोटांच्या वर आणून. १६ फ्रेम वाकलेलंच थांबणं, एक हात अजून दांडीवर, आणि शेवटच्या १२ फ्रेममध्ये जमेल तितकं सरळ होणं. एकूण ८४ फ्रेम, म्हणजे साडेतीन सेकंद. पण प्रत्यक्ष उठणं अर्ध्या सेकंदाचंच.

चालतानाही पावलं आखूड करा, पाय कमी उचला आणि दोन्ही पाय जमिनीवर असलेला वेळ वाढवा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात असते आणि त्या पायासोबतच पुढे पडते. हे उलटं झालं तर घरात काठीवालं माणूस असलेला प्रेक्षक लगेच ओळखतो.

आणि सगळंच मंद करू नका. लसूण सोलणारी आजीची बोटं सुनेपेक्षा भरभर चालू द्या.