छोट्या ब्रँडसाठी मायक्रो इन्फ्लुएन्सर कसा शोधायचा, त्याच्याशी कसं बोलायचं आणि पैसे वसूल झाले का ते कसं बघायचं

समजा लातूरजवळच्या एका गावात चार-पाच जणींचा बचत गट आहे, त्या आमटीसाठी भाजून-दळलेलं येसर बनवतात, पाकिटावर एफएसएसएआयचा नंबर आहे, चव एकदम घरची आहे, आणि आता ऑर्डर वाढवायच्यात. कुणीतरी सांगतं की इन्स्टावर कुणालातरी पैसे देऊन रील करून घ्या. बरोबरच आहे, पण कुणाला द्यायचे? साधारण दहा हजारापासून एक लाखापर्यंत फॉलोअर असलेल्यांना मायक्रो इन्फ्लुएन्सर म्हणतात, आणि आपल्या मराठवाड्यात असे लई जण आहेत, रेसिपीवाले, शेतीवाले, कॉमेडीवाले.

आधी एक गोष्ट ठरवा, तुमचा माल विकत घेणारा माणूस राहतो कुठं? येसरचंच बघा. लातूर, बीड, धाराशिवला बऱ्याच घरात येसर घरीच होतं, नाहीतर मावशी-आत्याकडून येतं. पैसे देऊन मागवणारे जास्त करून इथून पुण्या-मुंबईला गेलेले लोक, वाकड-हडपसरला फ्लॅटमध्ये राहणारे, ज्यांना येसरची आमटी पाहिजे पण भाजायला-दळायला वेळ नाही. म्हणजे तुम्हाला असा क्रिएटर पाहिजे जो बोलतो आपल्याकडचं पण ज्याला बघणारे पुण्यात आहेत. इथंच बरेच जण चुकतात, "लातूरचा फेमस" बघून पैसे देतात आणि बघणारे सगळे लातूरचेच निघतात, ते लाईक करतात पण ऑर्डर कशाला करतील?

शोधायचं कसं? सगळ्यात सोपं म्हणजे जुन्या गिऱ्हाइकांना विचारा, इन्स्टावर रेसिपी कुणाची बघता. मग इन्स्टावर येसर, काळा मसाला, ज्वारीची भाकरी असं सर्च करा आणि रीलपेक्षा खालच्या कमेंट वाचा. नुसते हात जोडलेले इमोजी आणि "मस्त", "छान" असेल तर त्यातून काही कळत नाही. पण "ताई हे कुठं भेटंल ओ?", "प्रमाण सांगा ना", "माय असंच करायची" अशा कमेंट असतील, आणि ताई त्यांना उत्तरं देत असतील, तर ते अकाउंट बाजूला काढून ठेवा.

आता त्या अकाउंटची शेवटची बारा-पंधरा रील बघा, पिन केलेली सोडून. त्यात एखादी लाखात गेलेली असती, तिला धरू नका. व्ह्यूज लहानापासून मोठ्यापर्यंत लिहा आणि मधला आकडा घ्या, तुमच्या रीलला साधारण तेवढंच मिळणार असं धरून चला. फॉलोअर साठ हजार आणि मधला आकडा दोन हजार असेल तर ते फॉलोअर एकतर झोपलेत नाहीतर विकत घेतलेले आहेत.

मेसेज करताना "कोलॅबसाठी इंटरेस्टेड का" एवढंच टाकू नका, असे मेसेज त्यांना रोज येतात. नाव घेऊन, त्यांची कुठली रील आवडली ते सांगून, सरळ लिहा:

"नमस्कार ताई, तुमची शेंगोळ्याची रील बघितली, खाली बऱ्याच जणांनी मसाला कुठं मिळतो विचारलंय. आम्ही बचत गटातून येसर बनवतो. आधी एक पाकीट पाठवू का? घरी करून बघा, आवडलं तरच पुढं बोलू. एक रील आणि एक स्टोरी पाहिजे, तुमचा दर सांगा."

चव न घेता "टाकते लगेच, पैसे पाठवा" म्हणणाऱ्याला मी तरी सोडून देईन, कारण खाल्लं नसलेला माणूस आमटीबद्दल बोलतो तेव्हा बघणाऱ्याला कळतंच.

बोलणं पुढं गेलं की इन्साइट्स मागा, म्हणजे बघणारे कुठल्या शहरातले, किती वयाचे. स्क्रीनशॉट नको, स्क्रीन रेकॉर्डिंग मागा, स्क्रीनशॉट जुना किंवा एडिट केलेला असू शकतो. शहरांत पुणे वर असेल तर आपलं काम होण्यासारखं आहे.

मग सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: तारीख, रील किती, स्टोरी किती, पैसे अर्धे आधी आणि अर्धे पोस्ट झाल्यावर, ती रील तुम्ही तुमच्या पेजवर वापरणार की नाही. बोलण्याची लाइन पाठ करायला देऊ नका, त्यांना त्यांच्या पद्धतीनं आमटी करू द्या. दोन गोष्टींवर मात्र अडून बसा. एक, "जाहिरात" किंवा "पेड पार्टनरशिप" असं व्हिडिओतच स्पष्ट दिसलं पाहिजे, फुकट पाकीट दिलं तरीसुद्धा, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे नियम तसेच आहेत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दोन, "शुगर कमी होते", "वजन उतरतं" असलं काही बोलायचं नाही.

आता मोजायचं कसं. आपल्या ऑर्डर वेबसाइटवर नाही, व्हॉट्सॲपवर येतात, म्हणून प्रत्येक क्रिएटरला वेगळी लिंक द्या. X च्या जागी तुमचा दहा आकडी नंबर टाका, आधीचे 91 तसेच राहू द्या:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=YESAR-A
```

लिंक दाबली की गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपमध्ये YESAR-A असा मेसेज तयार दिसतो, त्यानं फक्त पाठवायचा, म्हणजे कुणाकडून आला ते कळतं. दुसऱ्या क्रिएटरला YESAR-B. रीलच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, म्हणून स्टोरीत लिंक स्टिकर लावून ती स्टोरी हायलाइटमध्ये ठेवायला सांगा, नाहीतर चोवीस तासांत ती जाती. काही जण लिंक न वापरता डायरेक्ट नंबरवर येतात, त्यांना "कुठं बघितलं?" विचारून वहीत लिहा. दोघांच्या रील एकाच आठवड्यात नको, दिवाळीच्या तोंडावर पहिली ट्रायल पण नको, कारण तेव्हा ऑर्डर कशामुळं वाढल्या ते कळतच नाही.

हिशोब करून बघू. एक ऑर्डर सरासरी 400 ची, माल-पॅकिंग 200, कुरिअर 80, हातात राहिले 120. ए या ताईंचे फॉलोअर 14 हजार, त्यांना 2,500 दिले आणि पाकीट पाठवायला 280, खर्च 2,780. ऑर्डर आल्या 31, पण कॅश ऑन डिलिव्हरीच्या 4 परत आल्या, प्रत्येकी जाण्यायेण्याचं कुरिअर 150 बुडालं. पोचलेल्या 27 चे 3,240, त्यातून 600 गेले, राहिले 2,640. म्हणजे 140 चा तोटा. बी या कॉमेडीवाल्याला 68 हजार फॉलोअर, खर्च 8,280, ऑर्डर 22, त्यातल्या 7 परत. 15 चे 1,800 वजा 1,050, राहिले 750. तोटा 7,530, आणि व्ह्यूज मात्र ए पेक्षा कितीतरी जास्त.

पण येसर हा संपणारा माल आहे, म्हणून निकाल लगेच लावू नका, दोन महिने थांबा. ए च्या 27 पैकी 9 जणांनी परत मागवलं तर आणखी 1,080 आले, तोटा जाऊन 940 शिल्लक, आणि ही माणसं पुढंही मागवणार. बी कडून आलेल्यांपैकी एकानंच परत मागवलं. कपडे-दागिन्यांसारखा माल असेल तर मात्र परत मागवण्याची एवढी आशा धरता येत नाही, तिथं पहिल्या ऑर्डरमध्येच खर्च निघाला पाहिजे.

ए ताईंना खरे आकडे सांगा, किती ऑर्डर आल्या, किती परत गेल्या, लोकांनी काय विचारलं. पुढच्या वेळी फी तेवढीच ठेवून पोचलेल्या प्रत्येक ऑर्डरमागं 20 रुपये वर द्यायचं ठरवा, आणि माल पाठवायच्या आधी कॅश ऑन डिलिव्हरीवाल्यांना एक फोन करून पत्ता पक्का करा, परत येणारी पाकिटं तिथंच कमी होतील.