"पाय काढ" ओरडण्याआधी: लहान फलंदाजाला सूचना देताना या चुका टाळा

नाशिकमध्ये संध्याकाळी कुठल्याही नेटमागे दहा मिनिटं उभं राहा, एक वाक्य हमखास कानावर पडतं: "अरे पाय काढ, पाय!" सर ओरडतात, जाळीबाहेर स्कूटरवर बसलेले बाबा ओरडतात, रांगेत पॅड बांधून बसलेली पोरंही ओरडतात. मुलगा पाय काढतोही, आणि पुढच्याच चेंडूला पायचीत होतो. यात त्याचा दोष थोडा आहे. जास्त दोष आहे तो तपासणी उलट्या टोकाकडून सुरू करण्याचा.

नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी तपासणीचा तक्ता पायऱ्यांचाच हवा: आधी ग्रिप, मग स्टान्स, मग पायांची हालचाल. क्रम ठरलेला असण्याचं कारण साधं आहे. वरच्या पायरीवर जो दोष दिसतो, तो बऱ्याचदा खालच्या पायरीवर तयार झालेला असतो. बहुतेक अकादम्यांत असा तक्ता असतो, पण तो भरण्याची आणि वापरण्याची पद्धत चुकते.

सगळ्यात महागाची चूक: दिसतं तिथेच बोट ठेवणं

एका अकरा वर्षांच्या मुलाचं उदाहरण घेऊ. उजव्या हाताचा फलंदाज, उंची साधारण चार फूट आठ इंच, हातात सहा नंबरची बॅट. "वाढत्या अंगाचं पोर आहे, दोन वर्षं चालेल" या हिशोबाने घेतलेली. तक्रार अशी होती की सरळ चेंडू पायावर बसतो आणि पुढे पडलेला चेंडू मिडविकेटकडे हवेत जातो. तीन महिने त्याला एकच सूचना मिळत होती, पाय काढ.

तीन महिन्यांनी कोणीतरी त्याच्या पुढच्या बुटाच्या तळव्याला खडूची पूड लावली आणि हिरव्या मॅटवर दहा थ्रोडाउन टाकले. काही चेंडू ऑफ स्टम्पबाहेर, काही मधल्या यष्टीवर, दोन आखूड. दहापैकी नऊ ठसे वीतभर जागेत पडले, मधल्या आणि ऑफ स्टम्पच्या समोर. चेंडू कुठेही पडो, पाय तिथेच. म्हणजे मुलगा चेंडू बघून पाय काढत नव्हता, सूचना ऐकून काढत होता, आणि तोही चेंडू हातातून सुटायच्या आत. सरळ चेंडूला तो पाय बॅटच्या वाटेत आडवा येत होता, मग बॅट पायाला वळसा घालून यायची. पायचीत होणं आणि मिडविकेटला झेल, दोन्हींचं मूळ इथेच.

पण पाय आडवा का जात होता? स्टान्समध्ये तो बॅटच्या वजनाने पुढे ओणवा झालेला होता, डोकं बोटांच्याही पुढे, ऑफकडे झुकलेलं. डोकं जिकडे कलेल तिकडेच पाय पडतो. आणि ओणवा का होता? बॅट जड म्हणून खालचा हात दांड्यावर खाली सरकलेला आणि मुठीत आवळलेला. त्याच्या ग्लोव्ह्जमध्ये हे स्पष्ट दिसत होतं: खालच्या हाताच्या ग्लोव्हचा तळवा काळा पडून फाटायला आलेला, वरच्या हाताचा जवळपास नवा. मुलांच्या नेटवर रोज उभं राहणाऱ्याने ग्लोव्ह्जचे तळवे बघायची सवय लावून घ्यावीच. मुलगा सांगणार नाही ते तळवे सांगतात.

म्हणजे "पाय काढ" ही सूचना दोषापासून दोन पायऱ्या लांब होती. त्याहून वाईट म्हणजे तिने एक नवा दोष पक्का केला, चेंडूआधी पाय आपटण्याचा.

दुरुस्ती खालून झाली. सर्वांत आधी बॅट बदलली. नंबरांचे तक्ते कंपनीगणिक थोडे वेगळे असतात, म्हणून दोन चाचण्या बऱ्या. बूट घालून सरळ उभं राहायचं, बॅट पायालगत उभी धरायची, दांड्याचं टोक खुब्याच्या आसपास यायला हवं. मग फक्त वरच्या हाताने, हात सरळ ठेवून, बॅट समोर आडवी धरून दहा आकडे मोजायचे. सहाव्या आकड्यालाच टोक खाली आलं तर ती बॅट त्याच्यासाठी जड आहे. या मुलाची चार आकड्यांतच खाली आली. त्याला मोठ्या भावाची जुनी चार नंबरची बॅट मिळाली.

मग ग्रिप. बॅट पालथी जमिनीवर ठेवायची, दांडा मुलाकडे, आणि कुऱ्हाड उचलावी तशी दोन्ही हातांनी उचलायची. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये होणारे दोन्ही व्ही एका रेषेत आले पाहिजेत, आणि ती रेषा बॅटच्या पाठीचा कणा आणि बाहेरची कड यांच्या मधोमध. त्या रेषेवर रबराच्या ग्रिपला पांढऱ्या टेपची पट्टी चिकटवली की मुलगा स्वतःच तपासतो, दर चेंडूला सरांकडे बघावं लागत नाही. दोन्ही हात एकमेकांना लागून. वरचा हात घट्ट, खालच्या हाताचा मुख्यतः अंगठा आणि पहिली दोन बोटं. हे आधी ग्लोव्ह्जशिवाय बघा आणि मग ग्लोव्ह्ज घालून पुन्हा बघा, कारण मुलांच्या जाड ग्लोव्ह्जमध्ये व्ही लपतो आणि हात नकळत फिरतो. रोज सुरुवातीला बारा चेंडू, शेजारी उभं राहून खांद्याच्या उंचीवरून सोडलेले, आणि ते फक्त वरच्या हाताने ढकलायचे. पहिल्या आठवड्यात एवढंच.

दुसऱ्या आठवड्यात स्टान्स. पाय खांद्याइतके रुंद, क्रीजला समांतर, गुडघे किंचित सैल, वजन चवड्यांवर. टोपीची झडप आडवी दिसते का, म्हणजे दोन्ही डोळे एका पातळीत आहेत का, ते बॉलरच्या बाजूने बघायचं. मग खांद्याला पुढून आणि मागून दोन बोटांनी हलकं ढकलायचं. मुलगा टाचांवर गेला किंवा पुढे तोल गेला तर वजन चुकीच्या जागी आहे. हलकी बॅट आल्यावर या मुलाचा ओणवेपणा निम्मा आपोआप गेला होता, त्यासाठी वेगळं काही सांगावं लागलं नाही.

पायांकडे तिसऱ्या आठवड्यात आले, आणि "पाय काढ" हे शब्द बंद केले. सूचना होती, "डोकं चेंडूकडे ने." डोकं गेलं की पाय मागोमाग येतो, आणि तोही चेंडूच्या रेषेच्या शेजारी येतो, रेषेवर नाही. आठ-नऊ मीटरवरून खालून टाकलेले चेंडू, आणि दर दहा चेंडूंनी खडूचे ठसे. "सर, आता तर पाय उशिरा पडतोय," असं तो काळजीने म्हणाला. उशिरा नव्हता, वेळेवर होता. तीन महिने लवकर टाकायची सवय झाल्यामुळे त्याला तो उशिरा वाटत होता. ठसे पसरू लागले, ऑफबाहेरच्या चेंडूला एकीकडे, सरळ चेंडूला दुसरीकडे, आखूड चेंडूला पुढे ठसाच नाही. तिसऱ्या आठवड्याअखेर दहापैकी सहा ठसे जागेवर होते. वेग वाढवला की ते चारवर यायचे. ते अपेक्षितच आहे, आणि पुढची चूक तिथूनच निघते.

एका फटक्यावर खूण करून मोकळं होणं

मुलाने एक देखणा कव्हर ड्राइव्ह मारला की तक्त्यात "फ्रंट फूट" समोर बरोबरची खूण पडते. घाई असलेल्या पालकांना ती खूण आवडते, आणि पालकांना खूश ठेवण्याची घाई असलेल्या प्रशिक्षकांनाही. पण एका खुणेने काहीच कळत नाही. प्रत्येक बाबीसमोर तीन रकाने हवेत: सांगितल्यावर जमतं, न सांगता जमतं, चेंडू वेगात आल्यावरही टिकतं. पहिला रकाना बहुतेक मुलं एका दिवसात भरतात. तिसऱ्याला महिने लागतात. मधला रकाना लोक विसरतात, आणि तोच खरा मोलाचा. मुलगा पाणी पिऊन पुन्हा नेटमध्ये आला, कोणी काही बोललं नाही, तरी ग्रिप जागेवर आहे का? तिथे खूण करा, शेजारी तारीख लिहा.

दहातून आठ वेळा जमलं तर पायरी पार, हा अंदाज सोयीचा आहे. वेग वाढवताना एकच गोष्ट बदला: सोडलेला चेंडू, मग खालून टाकलेला, मग थ्रोडाउन, मग खरा बॉलर. प्रत्येक बदलाला ग्रिपपासून पुन्हा बघा. वेग वाढला की सगळ्यात आधी खालचा हात आवळला जातो. पाय त्यानंतर बिघडतात.

थोडक्यात सांगता येण्याजोग्या चुका

एका नेटमध्ये चार सूचना. एकच द्या, आणि तीही चेंडू खेळून झाल्यावर. बॉलर धावत असताना बोललेला शब्द मुलाच्या कानापर्यंत जातो, पायापर्यंत जात नाही.

लेगकडे पळणाऱ्या मुलाला भित्रा म्हणणं. आधी चेंडू उचलून बघा. तेरा वर्षांखालच्या मुलांचा चेंडू नियमाप्रमाणे 133 ते 144 ग्रॅमचा असतो, मोठ्यांचा 156 ते 163. दहा वर्षांच्या मुलासमोर मोठ्यांचा चेंडू, त्यात मॅटवरची उसळी, मग मागचा पाय स्क्वेअर लेगकडे सरकणारच. हलका चेंडू द्या, अंतर वाढवा, आणि मागच्या पायाच्या टाचेमागे एक चपटी खूण ठेवा. अडखळेल अशी वस्तू ठेवू नका.

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ग्रिप तपासणं. नाशिकच्या थंडीत सकाळी सहाला बोटं इतकी गारठतात की प्रत्येक मुलाची मूठ आवळलेलीच दिसते. आधी धावू द्या, दोन फेऱ्या कॅच होऊ द्या, मग बघा.

सोसायटीच्या पार्किंगमधलं टेनिस बॉलचं क्रिकेट बंद करायला लावणं. गरज नाही. फक्त तिथून थेट नेटला आलेल्या मुलाची ग्रिप पहिल्या चेंडूआधी बघा, कारण टेनिस बॉल उचलून मारायला खालचा हातच लागतो.

सामन्याच्या आठवड्यात ग्रिप बदलणं. अजिबात करू नका. नवी ग्रिप पहिले काही दिवस हाताला परकी वाटते, त्यात मुलगा बाद झाला की दोष तो ग्रिपलाच देतो आणि जुन्या सवयीकडे परत जातो.

आणि मोबाइलवर फक्त बाजूने व्हिडिओ काढणं. बाजूने पावलाची लांबी दिसते, ते आडवं जातंय का हे कळत नाही. त्यासाठी बॉलरच्या टोकाकडून, यष्टींच्या सरळ रेषेत मोबाइल धरा.

पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा वेगळ्या ग्रिपने धावा करतोय, सरळही खेळतोय, तर हा तक्ता त्याच्यावर लादू नका. त्याच त्या फटक्यावर तो वारंवार बाद होत असेल तरच पहिल्या पायरीपासून शोध घ्या, आणि सुरुवात त्याच्या ग्लोव्ह्जच्या तळव्यांपासून करा.