ॲडव्हान्स टॅक्सचं व्याज माफ करून घ्यायचा अर्ज: चलन जोडून कसा करायचा

आधी एक गैरसमज काढून टाका. ॲडव्हान्स टॅक्स उशिरा भरला की लोक "पेनल्टी लागली" म्हणतात, पण बहुतेक वेळा ते व्याज असतं, कलम २३४बी किंवा २३४सी चं. ते कॉम्प्युटर आपोआप लावतो, तुमचं कारण काय हे त्याला कोण सांगणार. आणि असेसिंग ऑफिसर, म्हणजे एओ, त्याला हे व्याज माफ करायचा अधिकारच नाही, त्यामुळे सांगलीच्या ऑफिसात त्याच्या टेबलासमोर हात जोडून उपयोग नाही. सीबीडीटी म्हणजे आयकर खात्याच्या वरच्या बोर्डाने २६ जून २००६ च्या ऑर्डरने हा अधिकार चीफ कमिशनर आणि डायरेक्टर जनरल यांना दिलाय, तोही ठराविक कारणांपुरताच. आजारपण, धंद्यात मंदी, पार्टीने पैसे अडकवले, तारीख विसरलो, ही कारणं त्यात नाहीत.

व्यापाऱ्याच्या कामाचं त्यातलं कारण असं: वर्षाच्या मध्येच असं उत्पन्न आलं जे येईल असं ध्यानीमनी नव्हतं, कॅपिटल गेन सोडून कुठलंही, आणि त्याच्यावरचा टॅक्स तुम्ही उरलेल्या हप्त्यांत भरलात, तर आधीच्या हप्त्यांवर लागलेलं २३४सी चं व्याज कमी किंवा माफ होऊ शकतं. लॉटरी, डिव्हिडंड, कॅपिटल गेन आणि पहिल्यांदाच सुरू झालेल्या धंद्याचं उत्पन्न यांना कायद्यातच वेगळी सूट आहे, त्यांच्यासाठी अर्जाची भानगड नको.

आमच्या यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याचं उदाहरण घेतो, नाव नको, आकडे समजायला सोपे केलेत. कराडकडच्या एका पार्टीकडे दहा लाख अडकले होते, शेवटी कंटाळून त्यांनी ते बॅड डेट म्हणून खाती राइट ऑफ केले, कोर्टात दावा मात्र चालूच. वर्षानुवर्षं तारीख पे तारीख. आणि मग जानेवारी २०२५ मध्ये पार्टीला काय सुचलं देव जाणे, तडजोड झाली आणि २० तारखेला पूर्ण दहा लाख बँकेत जमा. राइट ऑफ केलेली रक्कम परत आली की ती ज्या वर्षी आली त्या वर्षीचं धंद्याचं उत्पन्न धरतात, कलम ४१(४). हे व्यापारी जुन्या रिजीममध्ये आणि ३०% च्या स्लॅबमध्ये, म्हणजे सेस धरून जादा टॅक्स ३,१२,००० रुपये. तो त्यांनी १२ मार्चला ॲडव्हान्स टॅक्स म्हणून भरला. नेहमीच्या उत्पन्नाचे हप्ते वेळेवर आणि बरोबर गेलेले.

तरीपण रिटर्न भरताना व्याज दिसलंच. कारण जूनमध्ये वर्षाच्या टॅक्सचे १५%, सप्टेंबरमध्ये ४५%, डिसेंबरमध्ये ७५% भरलेले पाहिजेत, आणि सॉफ्टवेअर ते पूर्ण वर्षाच्या टॅक्सवर मोजतं. तर जादा टॅक्सवर कमी पडलेली रक्कम जूनला ४६,८००, सप्टेंबरला १,४०,४००, डिसेंबरला २,३४,०००, आणि प्रत्येकावर महिना १% प्रमाणे तीन महिने, म्हणजे १,४०४, ४,२१२ आणि ७,०२०. एकूण १२,६३६. मार्चचा हप्ता पुरा असल्यामुळे तिथे काही नाही, आणि वर्षभरात ९०% च्या वर भरलेलं असल्यामुळे २३४बी पण नाही.

आता अर्ज. त्याआधी रिटर्न भरलेलं पाहिजे आणि मूळ टॅक्स पूर्ण भरलेला पाहिजे, फक्त ज्या व्याजाची माफी मागताय तेवढंच बाकी चालतं. माझं मत विचाराल तर व्याजपण भरून टाका आणि मग माफी मागा, मंजूर झालं की रिफंड येतो. न भरता बसलात तर डिमांड निघते आणि नोटिशीपासून ३० दिवसांत नाही भरली तर तिच्यावर महिना १% वेगळं सुरू होतं.

मग चलनं. पोर्टलवर e-Pay Tax मध्ये Payment History आहे, तिथून प्रत्येक हप्त्याची पावती डाउनलोड करा, व्हॉट्सॲपवरचा स्क्रीनशॉट चालणार नाही. प्रत्येक पावतीवर तीन गोष्टी बघा: असेसमेंट इयर बरोबर आहे का (आपल्या केसमध्ये २०२५-२६, इथे सर्रास मागचं वर्ष पडतं), मायनर हेड १०० म्हणजे ॲडव्हान्स टॅक्स आहे का ३०० म्हणजे सेल्फ असेसमेंट टॅक्स पडलंय, आणि तारीख. मग हेच बीएसआर कोड आणि चलन नंबर पोर्टलवरच्या एआयएस मध्ये सापडतात का ते जुळवा. जुळत नसेल तर आधी चलन दुरुस्त करून घ्या. पोर्टलवर वर्ष बदलायला सात दिवस आणि मायनर हेड बदलायला ३० दिवस मिळतात, नंतर एओकडे अर्ज. चुकीचं चलन जोडून माफी मागितली तर एओच्या रिपोर्टमध्येच गाडी अडकते.

चलनापेक्षा खरी कसोटी मात्र "अपेक्षित नव्हतं" हे दाखवण्यात. इथे तडजोडीची तारीख बघतात. समजा तडजोड ऑगस्टमध्येच सही झाली असती आणि पैसे फक्त जानेवारीत आले असते, तर सप्टेंबर आणि डिसेंबरला तुम्हाला माहीत होतं, मग त्या दोन हप्त्यांची माफी मागायला तोंड राहत नाही. म्हणून कोर्टाची तडजोड पुरशीस, त्या दिवसाचा रोजनामा, बँक स्टेटमेंटचं ते पान, पार्टीचं खातेउताऱ्याचं पान आणि ज्या वर्षी राइट ऑफ केलं त्या वर्षीचा नफा-तोटा पत्रक, एवढं जोडा. रिटर्नची पोच, इंटिमेशन आणि वरचा व्याजाचा तक्ता पण. तक्त्यात प्रत्येक हप्त्यासमोर आपलं चलन कुठलं ते लिहा म्हणजे वाचणाऱ्याला शोधायला नको.

अर्ज तुमच्या चार्जच्या चीफ कमिशनरच्या नावाने, एक प्रत एओला. एओ कोण ते Know Your AO मध्ये पॅन टाकून कळतं आणि त्याच ऑफिसात वरचा चार्ज विचारा. मजकूर लांबवू नका, असं काहीतरी पुरे:

"२० जानेवारी २०२५ रोजी जमा झालेली १०,००,००० रुपयांची रक्कम ही पूर्वी बुडीत दाखवलेल्या येण्याची वसुली असून पहिल्या तीन हप्त्यांच्या तारखांपर्यंत ती मिळेल अशी कोणतीही शक्यता नव्हती. त्यावरील कर १२ मार्च २०२५ रोजी उरलेल्या हप्त्यात भरला असून चलन जोडले आहे. सबब दि. २६ जून २००६ च्या आदेशानुसार कलम २३४सी चे १२,६३६ रुपये व्याज माफ करावे."

आवक-जावकला शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हलू नका, पोस्टाने पाठवलं तर स्पीड पोस्टची पावती जपून ठेवा.

आणि खरीखुरी पेनल्टीची नोटीस आली असेल, म्हणजे कलम २२१ ची, तर ती वेगळी वाट. तिथे एओलाच उत्तर द्यायचं, नोटिशीतल्या तारखेच्या आत, आणि सबळ कारण पटलं तर तो पेनल्टी लावत नाही. इथे आजारपण, अडकलेले पैसे वगैरे कारणं मांडता येतात, कागद असतील तर. नोटीस आल्यावर टॅक्स भरून टाकला म्हणून पेनल्टी आपोआप सुटत नाही हे लक्षात ठेवा.

अर्ज फेटाळला तर नेहमीचं अपील नाही, हायकोर्टात रिट करावी लागते. कोल्हापूरला सर्किट बेंच आलंय म्हणून मुंबई गाठायला नको हे खरं, पण साडेबारा हजारासाठी वकिलाची फी किती होते ते आधी विचारून घ्या.