ट्रेकच्या सुरक्षा व्हिडिओची संहिता लिहिताना या चुका टाळा

पावसाळा लागला की गोव्यातल्या सत्तरी-सांगे भागातल्या धबधब्यांकडे पहिल्यांदाच ट्रेकला निघालेल्यांची गर्दी होते. हल्ली ग्रुप त्यांना आधी एक सूचनांचा व्हिडिओ पाठवतात. यातल्या बऱ्याच व्हिडिओंमध्ये सांगितलेलं चुकीचं नसतं, पण नवख्या माणसाला त्यातून नेमकं काय करायचं ते कळत नाही.

पहिली चूक म्हणजे ‘भरपूर पाणी घ्या’ हे वाक्य. भरपूर म्हणजे किती? पहिल्यांदा येणारा अर्ध्या लिटरची बाटली घेतो आणि त्याला तेच भरपूर वाटतं. म्हणून आकडा द्या: चालण्याच्या दर तासाला साधारण अर्धा लिटर. पाच तासांची वाट असेल तर अडीच लिटर, आणि अर्धा लिटर राखीव. पावसात तहान जाणवत नाही, पण रेनकोटच्या आत घाम निथळत असतो आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो वाळतही नाही. तेव्हा ‘तहान लागली की प्या’ असं न लिहिता ‘दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्या’ असं लिहा. ओआरएसचं पाकीट बरोबर घ्यायला सांगाल, तर ते पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच, बहुधा एक लिटर, विरघळवायचं हेही सांगा. लोक अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओततात.

दुसरी चूक जास्त घातक आहे. हवामानाचा भाग आला की पडद्यावर काळे ढग दिसतात. पण दाट रानात आभाळ दिसतं कुठे? शिवाय आपले व्हाळ, म्हणजे ओढे, घाटातून खाली येतात. वर पाऊस कोसळत असताना तुमच्या डोक्यावर ऊनही असू शकतं. खरी खूण व्हाळातच असते: नितळ पाणी गढूळ व्हायला लागतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येतात, आवाज बदलून घुमायला लागतो. संहितेत हे सगळं ‘पाण्याकडे लक्ष ठेवा’ एवढ्या तीन शब्दांत उरकू नका. एकाच दगडाची दोन दृश्यं दाखवा: एकात दगड पाण्यावर वीतभर उघडा, दुसऱ्यात तोच बुडालेला. चित्रण मात्र पुलावरून किंवा उंच काठावरून करा, पाण्यात उतरून नाही. वर निवेदन असं:

‘जाताना व्हाळ ओलांडलात की एक दगड हेरून ठेवा आणि त्याचा फोटो काढा. वाटेत पाऊस वाढला, तर परत येऊन तोच दगड बघा. तो बुडाला असेल, पाणी गढूळ झालं असेल, तर पाण्यात पाऊल टाकू नका.’

विजेसाठी एकच वाक्य पुरे: चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल, तर मोकळा कातळसडा आणि एकटं झाड सोडा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. धबधब्याजवळ गडगडाट ऐकू येत नाही, हेही त्याला जोडा.

तिसरी चूक ‘परिस्थिती बघून मागे फिरा’ अशी मोघम सूचना. धबधबा दहा मिनिटांवर असताना परिस्थिती कुणालाच वाईट दिसत नाही. निर्णय निघण्याआधी झालेला हवा आणि तो व्हिडिओत आकड्यांनी बोलला जायला हवा. समजा नऊला निघालात, पावणेदहाला व्हाळ ओलांडला आणि साडेअकराला धबधबा अपेक्षित आहे. मग लिहा: ‘बारा वाजता आपण जिथे असू तिथून परत. बारा वाजायच्या आधी निम्मं पाणी संपलं, व्हाळ गढूळ झाला किंवा कुणी थरथरायला, अडखळायला लागलं, तर त्याच क्षणी परत.’ आणि पुढचं वाक्य गाळू नका: ‘हे कुणीही बोलू शकतं, लीडरच बोलला पाहिजे असं नाही.’ नवखा माणूस भिडेपोटी गप्प राहतो, म्हणून हे पडद्यावर लीडरच्याच तोंडी घाला.

व्हिडिओ तीन मिनिटांच्या आत ठेवा. बसच्या गोंगाटातही कळावा म्हणून महत्त्वाचे आकडे पडद्यावर लिहून दाखवा आणि व्हिडिओ आदल्या रात्रीच पाठवा. वाळपईच्या पुढे बऱ्याच ठिकाणी रेंज मिळत नाही. अभयारण्यातल्या धबधब्यांवर वनखातं पावसाळ्यात बंदी घालतं, 2023च्या जुलैतही घातली होती. म्हणून जाण्याआधी परवानगी तपासण्याची ओळ सुरुवातीलाच हवी.

पलीकडे अडकलो तर काय, हा भाग जवळपास प्रत्येक संहितेत सुटतो. तिथे हे घाला: ‘दोर बांधून, हातात हात धरून पाण्यात उतरू नका. गुडघाभर वेगाचं पाणी मोठ्या माणसाला आडवं करतं. काठापासून लांब, उंचावर बसा, कोरडे कपडे घाला, रेंज असेल तर 112ला फोन करा. लहान व्हाळ पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत उतरतो. हेरलेला दगड पूर्वीइतका उघडा पडेपर्यंत थांबा.’