रिजेक्ट झालेला पेपर दुसऱ्या जर्नलच्या साच्यात बसवताना मी काय केलं

आधी सांगतो, पेपर विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर होता, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर असे दोनदा सॅम्पल घेतलेले. पहिल्या जर्नलने दोन रिव्ह्यूनंतर नाही म्हटलं (नाव सोडा). मग मॅडम म्हणाल्या, सायंटिफिक रिपोर्ट्स या जर्नलला टाकून बघ. त्यांच्या गाइडलाइनमध्ये तेव्हा मेन टेक्स्टला 4500 शब्द, अॅब्स्ट्रॅक्टला 200 आणि फिगर-टेबल मिळून 8 अशी मर्यादा होती. माझा पेपर 6200 शब्दांचा. घाबरून मी त्याच रात्री इंट्रो आणि डिस्कशनमधनं सपासप उडवायला सुरुवात केली, सातशे-आठशे शब्द गेले, आणि दुसऱ्या दिवशी नीट वाचलं तर कळलं की त्या 4500 मध्ये मेथड्स, अॅब्स्ट्रॅक्ट, रेफरन्सेस आणि फिगरखालचा मजकूर धरतच नाहीत 🤦

म्हणून पहिलं काम, मोजायचं काय ते बघा. वर्डच्या खालच्या पट्टीत दिसणारा आकडा सगळ्या फाइलचा असतो, रेफरन्स लिस्टसकट, त्याच्यावर जाऊ नका. एकेक सेक्शन सिलेक्ट केला की तेवढ्याचा आकडाही तिथेच आधी दिसतो. माझं निघालं इंट्रो 1150, मेथड्स 1450, रिझल्ट्स 1300, डिस्कशन 2000, कन्क्लूजन 300. मेथड्स वजा केले की 4750, म्हणजे कापायचे होते फक्त 250! जुनी फाइल परत उघडली, नशीब कॉपी ठेवली होती.

कन्क्लूजनचं वेगळं हेडिंग नको होतं म्हणून त्यातलं शंभर शब्दांचं डिस्कशनच्या शेवटी नेलं, बाकी तसंही रिपीटच होतं. दोनशे तिथे गेले. पण खरी गंमत पुढे आहे.

त्यांनी सुचवलेल्या रचनेत मेथड्स सगळ्यात शेवटी, डिस्कशननंतर होते. मला वाटलं कट-पेस्ट, पाच मिनिटांचं काम. तसं नसतं. रिझल्ट्सचं माझं पहिलं वाक्य होतं "प्री-मॉन्सूनमध्ये 62 पैकी 23 विहिरी मर्यादेपेक्षा वर". आता वाचणाऱ्याला 62 कुठनं आल्या, प्री-मॉन्सून म्हणजे कोणता महिना, मर्यादा कोणती (मी 1.5 मिलिग्रॅम प्रति लिटर धरली होती), काहीच माहीत नाही कारण ते सगळं मागे गेलं. म्हणून रिझल्ट्सच्या सुरुवातीला 120 शब्दांत विहिरी किती, दोन फेऱ्या कधी, मोजलं कशाने एवढं लिहावं लागलं, आणि ते शब्द आणि आधीचे उरलेले पन्नास भरून काढायला इंट्रोतला जुन्या अभ्यासांचा एक आख्खा पॅरा गेला. शॉर्ट फॉर्मचंही तेच, फुल फॉर्म मेथड्समध्ये आणि वापर आधी रिझल्ट्समध्ये. वरनं खाली वाचत प्रत्येक शॉर्ट फॉर्म पहिल्यांदा कुठे येतो ते बघायचं, दुसरा उपाय नाही.

नंबरही हलतात. माझी फिगर 1 म्हणजे विहिरींचा नकाशा, तो मेथड्समध्ये होता, तो शेवटी गेला तर फिगर 1 सगळ्यात शेवटी येणार, हे चालत नाही. मी नकाशा त्या 120 शब्दांच्या पॅऱ्यालाच जोडला. फिगर 6 आणि टेबल 5 होते, म्हणजे 11, त्यातले तीन टेबल सप्लिमेंटरीत टाकले आणि मग टेक्स्टमधला "टेबल 4" कुठे कुठे आहे ते शोधत बसलो. कॅप्शन वर्डच्या Insert Caption ने आणि टेक्स्टमधले उल्लेख क्रॉस-रेफरन्सने टाकले असतील तर Ctrl+A आणि F9 दाबलं की नंबर बदलतात, पण काढून टाकलेल्या टेबलच्या जागी Error! Reference source not found. असं येतं, ते सर्चमध्ये Error! टाकून शोधा, पीडीएफ झाल्यावर दिसलं तर फार लाज वाटते.

सायटेशन्सचे नंबरही याच कारणाने बदलले. झोटेरोच्या लिंक जिवंत असतील तर आपोआप होतं, पण मी मॅडमना पाठवताना Unlink Citations केलेलीच फाइल पुढे वापरत राहिलो, त्यामुळे पन्नासेक रेफरन्स हाताने परत घालावे लागले, दोन रात्री. अनलिंक फक्त पाठवायच्या कॉपीत करा.

अॅब्स्ट्रॅक्ट 290 चा, बॅकग्राउंड-मेथड्स अशी हेडिंगं असलेला. हेडिंगं काढून सलग केला, "फ्लोराइड ही जगभरची समस्या आहे" छापाची दोन वाक्यं उडवली, मोजण्याची पद्धत एका वाक्यात आणली, आकडे मात्र सगळे ठेवले. 196 झाला.

आणि हो, पहिल्या जर्नलच्या एका रिव्ह्यूअरने विचारलं होतं की सॅम्पल दोनदा मोजलं का. मोजलं होतं, फक्त लिहिलं नव्हतं. मेथड्स मोजणीत नसल्याने तिथे ते दोन ओळींत घातलं, कारण छोट्या विषयात तोच माणूस परत रिव्ह्यूअर म्हणून येऊ शकतो. कव्हर लेटर शेवटी उघडलं तर वर जुन्या जर्नलचंच नाव 😅