'मुळे' जपून वापरा: तक्रारीच्या उत्तरातली माफी

तक्रारींना उत्तरं लिहायला नव्याने बसलेल्यांच्या मसुद्यात एक तर सगळा दोष अंगावर घेतलेला असतो, नाहीतर 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' म्हणून बोळवण केलेली असते. समजा, वॉशिंग मशीनची दुरुस्ती झाली आणि त्याच रात्री पाणी गळून खोलीतली लाकडी जमीन फुगली. पहिला मसुदा साधारण असा येतो:

"आमच्या तंत्रज्ञाच्या निष्काळजीपणामुळे आपलं नुकसान झालं, क्षमस्व. आम्ही संपूर्ण भरपाई देऊ."

'निष्काळजीपणा' हा दाव्यात सिद्ध करावा लागणारा मुद्दा आहे, तो इथे आपणच लिहून दिला. 'मुळे'ने कारणही ठरवून टाकलं. जोडणी सैल राहिली, जुना पाइप फुटला की नळाचा वायसर गेला, हे अजून कोणी पाहिलेलंसुद्धा नाही. 'संपूर्ण'ला तर मर्यादाच नाही.

मग कोणीतरी घाबरून ते "त्रास झाला असल्यास खेद आहे" असं करतं. हे जास्त वाईट. घरभर पाणी उपसलेल्या माणसाला 'असल्यास' म्हणणं म्हणजे त्याला खोटं पाडणं.

त्यापेक्षा असं लिहा:

"दुरुस्तीनंतर त्याच रात्री घरात पाणी पसरलं आणि जमीन फुगली, हे आपल्या पत्रातून आणि फोटोंवरून समजलं. ऐन रात्री आपल्याला हे निस्तरावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. गळती कुठून झाली हे तपासायला वरिष्ठ तंत्रज्ञ गुरुवारी सकाळी 10 वाजता येतील. काय आढळलं ते मी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत लेखी कळवेन. तोवर पाइप बदललात तर जुना कृपया टाकू नका."

इथे माफी आहे ती ग्राहकाने सोसलेल्या त्रासाची, आणि त्याबद्दल वाद नाही. कारणाची जागा तपासासाठी मोकळी ठेवली आहे. तिथे 'आमची चूक नाही' असंही लिहू नका. गुरुवारी उलटं निघालं तर ते वाक्य गळ्याशी येतं.

लगेच काही द्यायचं असेल तर "जबाबदारीचा प्रश्न खुला ठेवून, सदिच्छा म्हणून दुरुस्तीचे पैसे परत करत आहोत" असं लिहा. त्या बदल्यात दावा सोडायला सांगायचं असेल, तर ती तडजोड झाली; मसुदा वकिलाकडे जाऊ द्या.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 2006 च्या कायद्यानुसार नुसती माफी ही निष्काळजीपणाची कबुली ठरत नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचा त्याच वर्षीचा कायदा माफीतल्या चुकीच्या कबुलीलाही संरक्षण देतो. असं संरक्षण सगळीकडे नाही, म्हणून शब्दांची ही काळजी. शिवाय अनेक दायित्व विम्यांत विमा कंपनीला न विचारता जबाबदारी मान्य करायची नाही अशी अट असते. नुकसान मोठं असेल तर उत्तर पाठवण्याआधी विमा कंपनीला कळवा.

बिलात दोनदा पैसे कापले गेले असतील, तर मात्र यातलं काहीही करू नका. "चूक आमची आहे, रक्कम आज परत केली" एवढं पुरे.