दोन सोलर पॅनल एका चार्ज कंट्रोलरला: सिरीज की पॅरलल, वायर कापायच्या आधी हे बघून घ्या

सगळ्यात आधी पॅनल उलटा करून मागच्या स्टिकरचा फोटो काढा आणि कंट्रोलरवर पीव्ही मॅक्स व्होल्टेज किती लिहिलंय ते बघा, कारण निर्णय बराचसा इथेच होतो. समजा निफाडकडे शेतातल्या घरावर 335 वॅटचे दोन सारखे पॅनल आहेत, प्रत्येकाचा व्हीओसी म्हणजे लोड नसतानाचा व्होल्टेज 46, खाली 24 व्होल्टची लेड अ‍ॅसिड बॅटरी आणि 100 व्होल्टचा एमपीपीटी, म्हणजे पॅनलचे जास्तीचे व्होल्ट करंटमध्ये बदलून बॅटरीला देणारा कंट्रोलर. सिरीजमध्ये, म्हणजे एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला जोडला की, व्होल्टेजची बेरीज होते म्हणजे 92, लोक म्हणतात बसतंय की 100 मध्ये. पण स्टिकरवरचा आकडा 25 डिग्रीचा असतो आणि पॅनल गार झाला की व्होल्टेज वाढतो, डिग्रीमागे साधारण 0.3 टक्के. निफाडला थंडीत पहाटे पारा 5 च्या आसपास जातो, म्हणजे 20 डिग्री खाली, म्हणजे 6 टक्के जास्त, झाले साडेसत्त्याण्णव. मी तरी एवढ्या काठावर जोडणार नाही, व्होल्टेज लिमिटच्या वर गेला की कंट्रोलरचा इनपुटच उडतो आणि तो फ्यूज टाकूनही वाचत नाही. 150 व्होल्टचा कंट्रोलर असेल तर सिरीज खुशाल करा.

साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर असेल तर सिरीजचा विचारच सोडा, तो पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो, वरचे व्होल्ट फुकट जातात.

मग आपल्या केसमध्ये पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, पण आता वायर मोजायची. पॅरललमध्ये व्होल्टेज एकाच पॅनलचा राहतो आणि करंट दुप्पट, इथे साधारण साडेसतरा अँपिअर. छतापासून कंट्रोलरपर्यंत 15 मीटर म्हणजे जाऊन येऊन 30 मीटर, त्यात 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकली तर अडीच व्होल्ट वायरीतच जातात. एरवी चाललं असतं, पण एप्रिलच्या दुपारी पॅनल 60-65 डिग्रीला तापला की त्याचा लोडवर चालतानाचा व्होल्टेज 38 वरून 32-33 वर येतो, वायरीतले गेले की 30 उरले, आणि बॅटरी फुल व्हायला 28.8 लागतात, काही कंट्रोलरना तर वर अजून थोडं मार्जिन हवं असतं. ऐन उन्हात बॅटरी फुल होत नाही अशी तक्रार ऐकली की मी आधी हेच तपासतो. 10 स्क्वेअर टाका, ड्रॉप एक व्होल्टवर येतो.

सावली पण बघून ठेवा, सकाळी नऊला आणि दुपारी चारला वर जाऊन टाकीची सावली एकाच पॅनलवर पडते का, पडत असेल तर पॅरललच बरं, दुसरा पॅनल आपलं काम करत राहतो.

जोडायच्या दिवशी मीटर डीसीवर ठेवून दोन्ही पॅनलचे प्लस-मायनस वेगवेगळे तपासा, मग वाय कनेक्टरने एकत्र करून परत मोजा, 40-46 च्या मध्ये दिसलं तर पॅरलल बरोबर, 80 च्या वर दिसलं तर चुकून सिरीज झालीय, तिथेच थांबा. कंट्रोलरला आधी बॅटरी, नंतर पॅनल, काढताना उलट.